तळ्यातला ढग आणि त्याची उंची

दहावीच्या त्रिकोणमितीत उन्नत कोन आणि अवनत कोन शिकवून झाले की एक उदाहरण हमखास समोर येते. सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकांत ते पुन्हा पुन्हा विचारले गेले आहे आणि मार्गदर्शकांत तर ते ठरलेलेच असते. तळ्याच्या पाण्यापासून ६० मीटर उंचीवर एक जण उभा आहे. त्याला आकाशातला ढग ३० अंशांच्या उन्नत कोनात दिसतो आणि त्याच ढगाचे पाण्यातले प्रतिबिंब ६० अंशांच्या अवनत कोनात दिसते. तर ढग पाण्यापासून किती उंच? उत्तर १२० मीटर. पाच गुण.

आता हे उदाहरण पुस्तकातून काढून गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला न्या. जून संपत आला आहे, सरकी टोबून झाली आहे, दुपारी पश्चिमेकडून पांढरे-काळे ढग सरकत येतात आणि बघता बघता पुढे निघून जातात. आभाळ किती खाली आले आहे, हा प्रश्न इथे परीक्षेपुरता नसतो. पण १२० मीटर म्हणजे साधारण चाळीस मजली इमारतीची उंची. मोबाइलचा उंच मनोरा असतो त्याच्या दोन-तीन पट. इतक्या खाली चकलांब्यावर दुपारचा ढग येत नाही. आला तर त्याला आपण ढग म्हणणार नाही, धुकेच म्हणू. पावसाळी दुपारच्या ढगांचा तळ आपल्याकडे साधारण हजार मीटरच्या आगेमागे असतो, हवा कोरडी असली तर त्याच्याही बराच वर. मग पुस्तकातली रीत खऱ्या ढगाला लावली तर काय होते?

आधी ती रीत नीट समजून घेऊ, कारण तिच्यात एक फार सुंदर युक्ती आहे. स्थिर पाणी हा आडवा ठेवलेला आरसा. आरशासमोर वस्तू जितकी पुढे, तितकेच तिचे प्रतिबिंब आरशाच्या मागे. म्हणजे ढग पाण्याच्या वर १२० मीटर असेल, तर त्याचे प्रतिबिंब पाण्याखाली १२० मीटरवर असल्यासारखे दिसते. तळे दोन मीटर खोल असले तरी याने फरक पडत नाही. बरेच विद्यार्थी इथेच अडखळतात. त्यांना वाटते प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर आहे, म्हणून ते खाली फक्त ६० मीटर धरतात आणि उत्तर चुकते. आपली नजर पाण्याच्या ज्या ठिकाणावर पडते ते ठिकाण पृष्ठभागावर असते हे खरे, पण नजरेची रेषा तशीच पुढे वाढवली की ती पाण्याखालच्या त्या प्रतिबिंबापर्यंतच पोचते.

आता डोळ्याच्या पातळीवर एक आडवी रेषा कल्पा. ढग या रेषेच्या वर आहे तो त्याच्या पूर्ण उंचीतून ६० मीटर वजा करून उरेल तितका. प्रतिबिंब या रेषेच्या खाली आहे ते ढगाची उंची अधिक ६० मीटर इतके. दोन्हींचे आपल्यापासूनचे आडवे अंतर मात्र एकच आहे. ६० अंशांचा टॅन हा ३० अंशांच्या टॅनच्या बरोबर तिप्पट असतो. म्हणून ढगाची उंची अधिक ६० ही ढगाची उंची वजा ६० च्या तिप्पट. यात १२० घालून पाहा: १८० हे ६० च्या तिप्पट आहेत. झाले.

H = h × (tan β + tan α) / (tan β − tan α)

या सूत्रात h म्हणजे पाण्यापासून आपली उंची, H म्हणजे पाण्यापासून ढगाची उंची, α उन्नत कोन आणि β अवनत कोन. युक्ती अशी की ढग आपल्यापासून आडवा किती लांब आहे, हे सूत्रात कुठेच नाही. झाडाची उंची मोजताना आपण बुंध्यापर्यंत चालत जाऊन अंतर मोजू शकतो. ढगाच्या खाली जाऊन टेप लावता येत नाही. प्रतिबिंबामुळे त्या अंतराची गरजच उरत नाही.

पाण्यात पाहून उंची काढण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्राध्याय नावाचे प्रकरण आहे. त्यात इतर यंत्रांची वर्णने करून झाल्यावर ते ‘धीयंत्र’ सांगतात, म्हणजे बुद्धी हेच यंत्र. हातात फक्त एक काठी घ्यायची, तिच्या कडेने लांबच्या बांबूचे बूड आणि शेंडा पाहायचा आणि त्यावरून बांबूचे अंतर व उंची सांगायची. शेंडा पाण्यात दिसत असेल तर त्यावरूनही. भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असाही एक तर्क पूर्वी मांडला गेला होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख सापडल्यामुळे त्या बाजूचे पारडे जड आहे, हे बीडकरांनी मान्य करायला हवे. पण मुद्दा वेगळा आहे. बांबू जागचा हलत नाही आणि तो काही हजार मीटर उंच नसतो. ढगाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आड येतात.

समजा चकलांब्याच्या शिवारातल्या एखाद्या पाझर तलावाच्या भरावावर आपण उभे आहोत आणि डोळा पाण्यापासून १० मीटर उंच आहे. हे १० मीटर मी सढळ हाताने दिले आहेत. तलाव भरलेला असेल तर तीन-चार मीटरही मिळणार नाहीत. ढगाचा तळ १२०० मीटरवर आहे आणि तो आडवा १२०० मीटर लांब आहे. आता उलटे गणित करू. उंची आपल्याला माहीत आहे असे धरून कोन काढू. वरचा कोन येतो ४४.७६ अंश. खालचा कोन ४५.२४ अंश. दोन्हींतला फरक अर्ध्या अंशाहूनही किंचित कमी. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो तेवढाच हा फरक आहे. ढगाची सगळी उंची या चंद्राएवढ्या फरकात दडलेली आहे.

शाळेत प्रयोगासाठी आपण कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवतो, मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला ओळंबा म्हणून एखादा नट लटकवतो आणि स्ट्रॉमधून पाहतो. (सूर्याच्या आसपास असे कधीही पाहू नये.) या साधनाने एक अंश अचूक वाचला तरी हात स्थिर आहे म्हणायचे. आता दोन्ही कोन मिळून चूक फक्त अर्ध्या अंशाची झाली असे धरा. फरक अर्ध्याच्या जागी एक अंश वाचला गेला, तर सूत्र सांगेल ढग सुमारे ५७० मीटरवर आहे. फरक शून्य वाचला गेला, तर ढग अनंतावर. आणि खालचा कोन वरच्यापेक्षा थोडा कमी वाचला गेला, तर उंची उणे येईल, म्हणजे ढग जमिनीखाली! विद्यार्थ्याचे गणित बरोबर असेल, सूत्रही बरोबर असेल आणि तरी उत्तराला काही अर्थ नसेल.

हे कधी घडते आणि कधी घडत नाही, ते एका गोष्टीवरून कळते. दोन्ही कोनांची बेरीज ९० अंशांच्या आसपास असते तेव्हा त्यांच्यातला फरक सर्वांत मोठा असतो, आणि त्या फरकाचा साइन म्हणजे आपली उंची भागिले ढगाची उंची. पुस्तकातल्या उदाहरणात ३० आणि ६० ची बेरीज ९० आहे, फरक ३० आहे आणि साइन ३० म्हणजे अर्धा. ढगाच्या निम्म्या उंचीवर माणूस उभा आहे. म्हणून ते उदाहरण इतके सोपे सुटते. भरावावरचा माणूस ढगाच्या एकशेविसाव्या हिश्श्यावर उभा आहे. ढग जवळचा निवडा, लांबचा निवडा, त्याला याहून मोठा फरक मिळणारच नाही. लांबचा निवडला तर उलट आणखी कमी मिळतो: तोच ढग २० अंशांच्या सुमारास दिसत असेल तर फरक ०.३ अंशांवर येतो. उपाय एकच, स्वतः उंच जायचे.

आणि समजा कोन मोजायचे चांगले साधन मिळाले, भूमापनाचे थिओडोलाइट आणले. तरी पुढची अडचण ढगाचीच. तो थांबत नाही. पावसाळी वाऱ्यात सेकंदाला आठ मीटर वेगाने ढग आपल्या दिशेने येतो आहे असे धरू. आधी वरचा कोन घेतला, मग साधन खाली वळवले, प्रतिबिंब शोधले, कोन वाचला. यात अर्धे मिनिट गेले. तेवढ्यात ढग २४० मीटर पुढे आला. खालचा कोन आता ४५.२४ न राहता ५१.६ झाला. हे दोन आकडे सूत्रात घातले की ढगाची उंची येते फक्त ८४ मीटर. बाराशे मीटरचा ढग चौऱ्याऐंशीवर आला, तोही मोजणीत एकही चूक न करता. म्हणजे दोन कोन एकाच क्षणी घ्यायला हवेत, दोन माणसांनी.

स्वीडनमधल्या उप्साला येथे एकहोल्म आणि हागस्ट्रोम या दोघांनी १८८४-८५ मध्ये ढगांच्या उंचीची जी प्रसिद्ध मोजमापे केली, त्यात हीच काळजी होती. त्यांनी पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या वाटेला न जाता दोन वेगळ्या ठाण्यांवर दोन थिओडोलाइट लावले आणि ठाणी टेलिफोनने जोडली, म्हणजे दोघांनी एकाच वेळी ढगाचा तोच बिंदू पाहावा. टेलिफोन तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता.

तिसरी अडचण पाण्याची. आरसा अगदी सपाट असेल तरच वरचे सगळे गणित लागू. पाण्याचा पृष्ठभाग लहरीमुळे एक अंश कलला तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. आपल्याला हवा असलेला फरक अर्धा अंश, आणि साधी झुळूक प्रतिबिंबाला दोन-दोन अंश वर-खाली हलवते. म्हणून वाऱ्यात ढगाचे प्रतिबिंब लांबट, ओघळल्यासारखे दिसते. पाणी शांत असते ते पहाटे, आणि कापसासारखे उभे वाढणारे ढग तयार होतात दुपारी, ऊन तापल्यावर, जेव्हा वाराही सुटलेला असतो. आरसा असतो तेव्हा ढग नाही आणि ढग असतो तेव्हा आरसा नाही.

शिवाय पाणी हा तसा कमजोर आरसा आहे. ४५ अंशांत खाली पाहिले तर पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम तीन टक्के परत येतो. पुस्तकातल्या ६० अंशांत तर दोनच टक्के. पावसाळ्यात तलावाचे पाणी गढूळ असते, त्याच्या स्वतःच्या तांबूस उजेडात हा दोन-तीन टक्क्यांचा ढग बुडून जातो. प्रतिबिंब झळझळीत दिसते ते नजर पाण्याला जवळजवळ समांतर असते तेव्हा. दहा अंशांच्या कोनात ३५ ते ४० टक्के प्रकाश परत येतो. पण तिथे कोनांतला फरक आणखी लहान होतो, हे आपण पाहिलेच.

मग ही रीत महाराष्ट्रात कुठेच चालणार नाही का? चालेल, जागा उंच हवी आणि खाली पाणी हवे. पवना धरणाच्या जलाशयाकाठी तुंगचा किल्ला आहे. माथा पाण्यापासून सुमारे चारशे मीटर उंच. तिथून १२०० मीटरच्या ढगाचे प्रतिबिंब ३० अंशांत दिसत असेल तर ढग वर १६ अंशांत दिसेल. फरक चौदा अंशांचा. इथे अर्धा अंश चुकला तरी उंचीत तीस ते पंचावन्न मीटरचाच फेर पडतो, हे अगदी चांगले मोजमाप झाले. ऐन पावसाळ्यात मात्र जाऊ नये, कारण तेव्हा किल्लाच ढगात असतो. परतीचा पाऊस ओसरतानाची शांत सकाळ बरी.

चकलांब्याला तुंग नाही. पण चकलांब्याला सरळ रस्ता आहे आणि दोघांच्या खिशात मोबाइल आहेत, आणि उप्सालाच्या रीतीला तेवढे पुरते. ढगाच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर पाचशे मीटरच्या अंतराने दोघांनी उभे राहायचे, फोनवर ढगाचे एकच टोक ठरवायचे आणि ‘आता’ म्हणताच दोघांनी कोन वाचायचा. जवळच्या माणसाला ढग ४५ अंशांत दिसला तर लांबच्याला तो ३५.२ अंशांत दिसेल. फरक जवळजवळ दहा अंश. भरावावर मिळत होता त्याच्या वीसपट. ढगाची उंची काढायची तर पाचशेला दोन्ही कोनांच्या कोटँजंटच्या फरकाने भागायचे. उत्तर १२०० च्या आसपास येते आणि लांबच्याने अर्धा अंश चुकवला तरी ऐंशीएक मीटरचीच चूक होते. अडचण राहते ती ढगाचे तेच टोक दोघांनी पाहण्याची. ढगाला कोपरे नसतात, कडा विरत असतात. म्हणून तीन-चार वेळा मोजावे. आकडे एकमेकांच्या जवळ आले तर विश्वास ठेवावा, विखुरले तर दोघे वेगवेगळ्या टोकांकडे पाहत होते असे समजावे.

याहूनही सोपी एक वाट आहे, तिला कोन लागतच नाही. दुपारचा ढग जमिनीवरून वर चढलेल्या हवेचा बनतो. वर जाताना ही हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, दर किलोमीटरला सुमारे १.८ अंशांनीच उतरतो. दोघांतले अंतर किलोमीटरमागे आठ अंशांनी मिटते. जिथे ते पूर्ण मिटते तिथे ढगाचा तळ. म्हणजे जमिनीवरचे तापमान वजा दवबिंदू, गुणिले १२५, एवढे मीटर. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर दवबिंदूचा ढोबळ अंदाजही तोंडी करता येतो: शंभर टक्क्यांपासून दर पाच टक्के कमी, तेवढा एक अंश कमी. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर दवबिंदू २३, फरक ७, ढगाचा तळ सुमारे ८७५ मीटर. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत; चकलांबा हे मंडळ आहे, आणि हे दोन्ही आकडे अशा केंद्रावर मोजले जातात. रीत फक्त दुपारी उन्हाने उठणाऱ्या ढगांना लागू आहे. दिवसभर पसरलेल्या राखाडी थराला किंवा फार उंचावरच्या पिंजलेल्या ढगांना ती लावू नये.

विमानतळावर अर्थात यातले काही करत नाहीत. तिथे सीलोमीटर असतो. तो लेसरचा स्पंद सरळ वर सोडतो आणि ढगाच्या तळावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. १२०० मीटरला सेकंदाचे आठ दशलक्षांश भाग. कोनाचा प्रश्नच संपला.

मराठवाड्यात ढगाच्या तळाला इतके महत्त्व का, याची दोन उत्तरे आहेत. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून विमाने उडवून इथे कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. अशा प्रयोगांत मिठासारखे पाणी ओढणारे कण सोडायचे असतील तर विमान ढगाच्या तळाखालून, वर चढणाऱ्या हवेच्या झोतातून न्यावे लागते, म्हणजे हवाच ते कण ढगात ओढून घेते. तळ कुठे आहे हे वैमानिकाला आधी माहीत हवे.

दुसरे उत्तर शिवारातले आहे. थेंब ढगाच्या तळातून सुटला की जमिनीपर्यंत त्याला कोरड्या हवेतून यावे लागते आणि वाटेत तो आटत असतो. मे महिन्यात तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असते तेव्हा दवबिंदू तेराच्या आसपास असतो आणि ढगाचा तळ तीन किलोमीटरहून वर. त्या ढगाखाली लोंबणाऱ्या राखाडी झालरी दिसतात, त्या खऱ्या पावसाच्या असतात, पण जमिनीवर पोचायच्या आतच संपतात. जून-जुलैत पावसाचा खंड पडतो तेव्हा हवा पुन्हा कोरडी होऊ लागते, तळ रोज वर सरकतो आणि आभाळ भरून येऊनही ढेकूळ भिजत नाही. ओलावा परतला की पहिल्यांदा बदलते ती हीच उंची. सलग चार दिवस दुपारी तीनला तापमान आणि आर्द्रता वहीत लिहून तळ काढत गेले, तर तो १८०० वरून ९०० वर आल्याचे कागदावर दिसते. पाऊस पडेलच असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण ढग वर किती वाढेल हे तळ सांगत नाही. पडला तर तो वाटेत आटणार नाही, एवढे मात्र म्हणता येते.